पंख्याची रात्रीची गुणगुण : रेग्युलेटरच्या तीन पिढ्यांचा इतिहास

#थ्रेड

१/
रात्री निजानीज झाली, कुणीतरी पंखा पाचावरून दोनावर आणला आणि वाऱ्याचा आवाज ओसरताच छतातून एक बारीक, अखंड ‘घूंऽऽ’ ऐकू येऊ लागली, हा अनुभव असंख्य घरांतला आहे. दोष बहुधा बेअरिंगला दिला जातो, क्वचित पात्यांना. अनेकदा बेअरिंग बदलूनही गुणगुण जात नाही, कारण तिचा उगम छतात नसून भिंतीवरच्या स्विचबोर्डात असतो. रेग्युलेटरच्या बदलत्या रचनेचा इतिहास पाहिला की ही गुणगुण कुठून आली आणि ती कशी ओळखावी, हे स्पष्ट होते.

२/
पंख्याची गती कमी करायची म्हणजे त्याला मिळणारा विद्युतदाब कमी करायचा. घरात येणारा दाब २३० व्होल्टचा. त्यातला नको असलेला भाग दूर ठेवण्याच्या तीन रीती घरगुती पंख्यांत रूढ झाल्या. पहिली, तो भाग उष्णतेत जाळून टाकणे. दुसरी, विजेच्या लाटेचा तुकडा कापून टाकणे. तिसरी, तो भाग न जाळता, न कापता वाटेतच अडवून धरणे. जुना काळा ठोकळा, गोल फिरणारे इलेक्ट्रॉनिक बटण आणि आजचा खटक्याचा स्टेप रेग्युलेटर ही या तीन रीतींची तीन रूपे होत.

३/
आरंभ एकदिश, म्हणजे डीसी विजेपासून झाला. अमेरिकेत सिंगर शिवणयंत्रांच्या कंपनीत काम करणाऱ्या फिलिप डील याने १८८० च्या दशकात शिवणयंत्राच्या मोटरवरून छताचा पंखा सिद्ध केला. भारतात कचेऱ्यांतून आणि बंगल्यांतून तेव्हा दोरीने ओढायचा कापडी पंखा हलत होता. १८९९ मध्ये कलकत्त्यात सार्वजनिक वीजपुरवठा सुरू झाला. तोही डीसी होता आणि त्या शहराच्या काही भागांत पुढे कित्येक दशके तसाच राहिला. दोरी ओढणाऱ्याची जागा विजेचा पंखा घेऊ लागला, तेव्हा त्याची गती आवरण्याचा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला.

४/
डीसी विजेवर हा प्रश्न सोडवायला हाताशी असलेले सोपे साधन एकच होते : रोधक तार. पंख्याच्या मार्गात एकसर जोडलेली लांब तार ठेवली की काही दाब तारेवर खर्ची पडतो आणि उरलेला पंख्याला मिळतो. तार जितकी लांब, तितका पंखा मंद. कपॅसिटर तेव्हा ठाऊक नव्हता असे नाही. पण तो एकदिश प्रवाह वाहूच देत नाही, त्यामुळे तिथे तो निरुपयोगी होता. अशा रीतीने ‘नको ती वीज जाळा’ हा उपाय त्या काळाच्या गरजेतून आला.

५/
पुढे घरोघरी दिसलेला मोठा काळा रेग्युलेटर हा याच कल्पनेचा वारस. आत चिनीमातीच्या आधारावर रोधक तार गुंडाळलेली, तिला ठरावीक अंतरावर काढलेली टोके, आणि मुठीबरोबर फिरून त्या टोकांना स्पर्श करणारी पितळी पट्टी. आवरणाला भोके किंवा चिरा असत, कारण आतली उष्णता बाहेर पडणे आवश्यक होते. मंद गतीवर तो ठोकळा हाताला चांगलाच गरम लागे आणि आत साचलेली धूळ तापून करपट वास येई.

६/
मधल्या काळात वीज बदलली. इटलीत गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी १८८० च्या दशकातच प्रत्यावर्ती, म्हणजे एसी विजेवर चालणाऱ्या इंडक्शन मोटरचा पाया घातला होता. आजचा साधा छतपंखा याच कुळातला. त्यात मधला भाग स्थिर असतो आणि पात्यांसह बाहेरचे कवच फिरते. स्थिर भागावर तारेची दोन वेटोळी असतात. एकाच्या मार्गात सुमारे अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, ज्याला वायरमन ‘कंडेन्सर’ म्हणतात. तो एका वेटोळ्यातला प्रवाह दुसऱ्याच्या पुढे सरकवतो आणि त्यामुळे फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते.

७/
इंडक्शन मोटरची स्वाभाविक गती विजेच्या वारंवारितेशी बांधलेली असते. चौदा ध्रुवांच्या पंख्यात ५० हर्ट्झवर हे क्षेत्र मिनिटाला सुमारे ४२८ फेरे घेते आणि पाती त्याच्या थोडी मागे राहतात. मग केवळ दाब कमी करून गती का घटते? दाब निम्मा केला की मोटरचा फिरवण्याचा जोर साधारण एकचतुर्थांश होतो. हवेचा विरोध मात्र गतीनुसार ठरतो. या दोहोंचा मेळ जिथे बसतो, तिथे पंखा स्थिरावतो. म्हणून वारंवारितेला हात न लावताही पंखा मंद करता येतो.

८/
वीज एसी झाली, तरी रोधक तारेचा ठोकळा भिंतीवर कायम राहिला. त्याची किंमत एका ढोबळ हिशेबातून कळते. पूर्ण गतीवर ७५ वॅट घेणारा पंखा धरू. मंद गतीसाठी त्याला १०० व्होल्ट हवे आहेत आणि तेव्हा प्रवाह ०.१८ अँपिअर आहे असे मानू. पंख्याच्या वाट्याला सुमारे १८ वॅट येतात. उरलेले १३० व्होल्ट तारेवर पडतात आणि १३० गुणिले ०.१८, म्हणजे सुमारे २३ वॅट निव्वळ उष्णता होते. पंख्यापेक्षा रेग्युलेटरच अधिक वीज घेतो.

९/
‘पंखा हळू लावला तरी बिल तेवढेच येते’ या समजुतीचे मूळ इथे आहे. ती समजूत अर्धीच खरी होती. वरच्या हिशेबात एकूण खर्च ७५ वरून सुमारे ४१ वॅटवर उतरतो, म्हणजे बचत होतच होती. पण जी वीज वाचायला हवी होती, तिचा मोठा भाग भिंतीवर ऊब देण्यात जात होता. या ठोकळ्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. तो विजेच्या लाटेचा आकार बिघडवत नसे, फक्त तिची उंची कमी करी. त्यामुळे पंखा मंद होताना शांतही होत असे.

१०/
दुसरी पिढी दिव्यांच्या जगातून आली. १९५७ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत एससीआर हा सिलिकॉनचा स्विच तयार झाला. जोएल स्पायरा यांनी अशा अर्धवाहकावर आधारित घरगुती डिमर बनवला आणि १९६१ मध्ये त्यासाठी ल्यूट्रॉन ही कंपनी काढली. पाठोपाठ दोन्ही दिशांचा प्रवाह हाताळणारा ट्रायॅक आला. दिव्याचा प्रकाश कमी-जास्त करण्यासाठी जन्मलेली हीच मांडणी थोड्या फरकाने पंख्याला जोडली गेली आणि तिला ‘इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर’ हे नाव मिळाले.

११/
तिची रीत अशी. ५० हर्ट्झच्या विजेत दर सेकंदाला शंभर अर्धलाटा येतात. प्रत्येक अर्धलाट दहा मिलिसेकंदांची. प्रत्येक अर्धलाटेच्या आरंभी ट्रायॅक बंद असतो. बटणाला जोडलेल्या रोधकातून एक छोटा कपॅसिटर भरत जातो. त्याचा दाब तिसेक व्होल्टच्या आसपास पोहोचला की डायॅक नावाचा घटक ट्रायॅकला इशारा देतो आणि दार उघडते. अर्धलाट संपली, प्रवाह शून्यावर आला की दार आपोआप मिटते. बटण फिरवणे म्हणजे दार किती उशिरा उघडावे हे ठरवणे.

१२/
मंद गतीसाठी दार साडेसहा मिलिसेकंद उशिरा उघडते असे धरू. उरलेल्या साडेतीन मिलिसेकंदांत जी वीज मिळते, तिचा परिणामी दाब सुमारे १०८ व्होल्ट येतो. पंखा मंद करायला तो पुरेसा आहे आणि वाया जाणारी उष्णताही जेमतेम वॅटभर. पण दार उघडते त्या क्षणी लाट सुमारे २९० व्होल्टवर असते. म्हणजे पंख्याला दिलेला दाब शून्यावरून हळूहळू चढत नाही. तो एका झटक्यात २९० वर जातो. असे झटके सेकंदाला शंभर, रात्रभर.

१३/
दिव्याला या झटक्यांचे फारसे काही वाटत नाही. तापलेली तार एका सेकंदाच्या शंभराव्या भागात थंड होत नाही, त्यामुळे डोळ्यांना प्रकाश स्थिरच दिसतो. मोटरचे तसे नसते. तिच्या आतले लोखंड पातळ पत्र्यांच्या थरांचे असते आणि चुंबकीय ओढीने ते पत्रे व वेटोळी सूक्ष्म थरथरतात. ओढ चुंबकत्वाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती दोन्ही अर्धलाटांत सारखीच बसते. म्हणून शुद्ध लाटेवरही प्रत्येक पंखा सेकंदाला शंभर कंपनांनी हलकेच घुमतो. तो आवाज इतका खोल आणि क्षीण असतो की सहसा जाणवत नाही.

१४/
कापलेली लाट हा घुमणारा सूर बदलते. तीव्र कडा असलेल्या लाटेत ५० हर्ट्झच्या मूळ लहरीबरोबर १५०, २५०, ३५० अशा वरच्या लहरी मिसळलेल्या असतात. त्यांच्या परस्पर मिश्रणातून लोखंडावरची ओढ १०० बरोबरच २००, ३००, ४०० आणि त्याहून वरच्या कंपनांनीही होऊ लागते. माणसाच्या कानाला शंभराचा सूर मंद ऐकू येतो; तीनशे-चारशेचे सूर तो चटकन पकडतो. पंख्याचे कवच आणि पाती पत्र्याची असल्याने ती या सुरांना तबल्याच्या पुडीसारखी साथ देतात.

१५/
यात पंख्याच्या आतल्या कंडेन्सरची भर पडते. त्याचे मूल्य शुद्ध लाट आणि पूर्ण गती गृहीत धरून निवडलेले असते. दाब अचानक उसळला की कंडेन्सरच्या मार्गातला प्रवाहही उसळतो आणि दोन वेटोळ्यांमधला समतोल ढळतो. फिरवणारा जोर सलग न राहता हिसक्याहिसक्याने मिळू लागतो. दांडी, तिच्यावरचे नट-बोल्ट आणि छतातला हूक यांतून हे हिसके स्लॅबपर्यंत पोहोचतात. हुकाजवळचा रबरी बुश झिजला असेल, तर तीच गुणगुण वरच्या मजल्यावरही ऐकू जाऊ शकते.

१६/
मग गुणगुण मंद गतीवरच का ऐकू येते? मोठा झटका खरे तर मध्यम गतीवर बसतो. दार बरोबर पाच मिलिसेकंदांनी उघडले, तर लाट शिखरावर, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्टवर असते. पण त्या गतीला वाऱ्याचा सळसळाट गुणगुणीवर पांघरूण घालतो. गती उतरली की वारा झपाट्याने शांत होतो, लाटेतला मूळ लहरीचा वाटा घटून वरच्या लहरींचे प्रमाण वाढते, आणि रात्री रस्त्यावरचा गोंगाटही नसतो. या तिन्ही गोष्टी एकत्र येतात तेव्हाच कान त्या सुरावर अडकतो.

१७/
आपल्याकडे १९८४ मध्ये इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरसाठी आय.एस. ११०३७ हे स्वतंत्र मानक आले. तोवर हे साधन गांभीर्याने घ्यावे इतके रुळले होते. याच झटक्यांची दुसरी तक्रार रेडिओच्या श्रोत्यांची होती. दाबाची तीव्र कड रेडिओलहरीही उधळते. पंखा मंद केला की मध्यम लहरींवरच्या कार्यक्रमात ‘खर्रर्र’ मिसळे आणि पूर्ण केला की नाहीसे होई. चोक आणि कपॅसिटरची गाळणी बसवली तर हा त्रास आटोक्यात येतो. स्वस्त रेग्युलेटरमध्ये किमतीपायी हीच गाळणी वगळली जाई.

१८/
तिसऱ्या पिढीने पुन्हा खटके आणले, पण तारेऐवजी कपॅसिटर घेऊन. एसीवर कपॅसिटर प्रवाह वाहू देतो आणि तरीही दाब अडवतो. अर्ध्या क्षणी घेतलेली ऊर्जा पुढच्या अर्ध्या क्षणी परत करतो. इथला हिशेब भूमितीचा आहे. कपॅसिटरवरचा दाब आणि पंख्यावरचा दाब यांची बेरीज काटकोन त्रिकोणासारखी होते. कर्ण २३०, पंख्याची बाजू १००, तर कपॅसिटरची बाजू सुमारे २०७ व्होल्ट. प्रवाह ०.१८ अँपिअर असेल, तर त्यासाठी सुमारे २.८ मायक्रोफॅरड लागतात. एकूण खर्च राहतो जवळजवळ पंख्याचे १८ वॅट एवढाच.

१९/
जुन्या ठोकळ्याचे ४१ वॅट आणि याचे १८, हा फरक मोठा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लाट कापली जात नाही. ती ठेंगणी होते, पण गोलाईने वरखाली होत राहते. म्हणून गुणगुण जवळपास नाहीशी होते. बहुतेक स्टेप रेग्युलेटरमध्ये २.२ आणि ३.३ मायक्रोफॅरडसारखे दोन-तीन कपॅसिटर असतात. खटक्यागणिक एक, दुसरा किंवा दोन्ही मिळून जोडले जातात आणि शेवटच्या खटक्याला पंखा थेट विजेवर येतो. जुन्या कागदी कपॅसिटरांच्या काळात हा संच स्विचबोर्डात मावला नसता. प्लॅस्टिकच्या अतिपातळ पटलांवर धातूचा मुलामा देणे साधले, तेव्हा तो मुठीत आला.

२०/
या पिढीच्याही मर्यादा आहेत. गती चार-पाच ठरावीक पायऱ्यांतच मिळते. तीन आणि चार यांच्या मधली गती हवी असेल, तर ती इथे नाही. पटलाचे कपॅसिटर वयानुसार क्षीण होतात, मग त्याच खटक्यावर पंखा पूर्वीपेक्षा हळू फिरू लागतो. एखाद्या खटक्यावर पंखा फिरतच नसेल, तर त्या पायरीचा कपॅसिटर तुटला आहे किंवा खटक्याचा स्पर्श जळला आहे. मंद खटक्यावर पंखा एकदम पूर्ण वेगाने धावू लागला, तर कपॅसिटर आतून जुळून गेला असण्याची शक्यता अधिक.

२१/
आता गुणगुणीचे निदान. पंखा मंद गतीवर असताना कान देऊन स्विच बंद करावा. पाती अजून फिरत असताना आवाज त्याच क्षणी थांबला, तर तो विजेचा आहे. पाती थांबेपर्यंत आवाज हळूहळू विरत गेला, तर तो बेअरिंगचा किंवा पात्यांचा. विजेचा ठरला तर पुढची परीक्षा : रेग्युलेटर पूर्ण केल्यावर, किंवा वायरमनकडून तो तात्पुरता वगळून पंखा थेट चालवल्यावर आवाज गेला, तर दोष कापलेल्या लाटेचा. थेट विजेवरही राहिला, तर पत्रे सैल आहेत, वेटोळ्यात बिघाड आहे किंवा पंख्याचा कंडेन्सर उतरला आहे. रेग्युलेटर उघडण्याचे काम मुख्य स्विच बंद करून वायरमननेच करावे, कारण आतले कपॅसिटर वीज गेल्यावरही काही काळ भारित राहू शकतात.

२२/
१ जानेवारी २०२३ पासून छतपंख्यांना ऊर्जाबचतीचे तारांकन अनिवार्य झाले आणि बीएलडीसी पंख्यांचा प्रसार वाढला. त्यांतली मोटर चुंबकाची असते. तिला हवी तशी वीज पंख्यातच बसवलेले परिपथ तयार करते आणि गती रिमोटने बदलते. पूर्ण गतीवरही असा पंखा तीसेक वॅटमध्ये भागवतो. त्याच्या मार्गात भिंतीवरचा जुना रेग्युलेटर ठेवायचा नसतो. कापलेली किंवा अडवलेली लाट आतल्या परिपथाला मानवत नाही. तो काढून त्या जागी साधा स्विच बसवावा लागतो. ज्या घरांत हा बदल झाला, तिथे स्विचबोर्डातली ती गोल जागा आता कोऱ्या पट्टीने झाकलेली दिसते.

(समाप्त)